करंजाच्या मुळावर आयोडीन

प्रकाशसंश्लेषणाचा धडा मी एकतीस वर्षं शिकवला आणि एकतीस वर्षं मुलांनी तो पाठ केला. पाठ होणं आणि समजणं यांत केवढा फरक असतो, ते पुणेकराला वेगळं सांगायला नको. 'या एकदा घरी' असं आम्ही सगळ्यांनाच म्हणतो, कुणी खरंच आलं की मग कळतं. तर हा धडा पुरता समजलेली विद्यार्थिनी मला निवृत्त झाल्यावर मिळाली, तीही वर्गात नव्हे, इस्त्रीच्या हातगाडीपाशी. तिला तो समजला नसता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

कर्वेनगरात आमची सोसायटी आहे. फाटकाच्या आत डाव्या हाताला एक करंज होता. चांगला जुना, दोघांनी हात धरले तरच कवेत येईल एवढा. त्याच्या सावलीत एक बाई हातगाडी लावून इस्त्री करायची. कोळशाची इस्त्री, जड, हाताला घट्टे पाडणारी. बाई वेल्ह्याकडच्या. नवऱ्याबद्दल विचारलं तर "हाय तिकडं" एवढंच म्हणायच्या, म्हणून मी एकदाच विचारलं. त्यांची मुलगी सातवीत, महापालिकेच्या शाळेत. शाळा सुटली की गाडीखालच्या सावलीत दप्तर टाकायची आणि घरोघरचे कपडे आणून द्यायची.

त्या जागेवर आमच्या अध्यक्षांचा डोळा होता. सोसायटीत मोटारी वाढल्या होत्या आणि करंजाच्या जागी आरामात दोन मोटारी मावल्या असत्या. पण हिरवं झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते आणि ती मिळत नव्हती. शेवटी सर्वसाधारण सभेत ठरलं की झाड आहे तोवर हातगाडी राहू द्यावी, नाहीतरी ती जागा दुसऱ्या कशाला उपयोगी नाही. इतिवृत्तात तसं लिहिलंही गेलं. म्हणजे त्या मायलेकींचं पोट करंजावर अवलंबून होतं. हे मलाही माहीत होतं, अध्यक्षांनाही माहीत होतं.

धड्याची सुरुवात एका विटेवरून झाली. फेब्रुवारी संपत आला होता. हातगाडीच्या चाकाला लावलेली वीट मुलीने उचलली, तर खालचं गवत पांढरट पिवळं. मी शर्ट न्यायला आलो होतो.

"आजोबा, हे आजारी पडलंय का?"

"उपाशी आहे," मी म्हटलं. "आंधळंही झालंय म्हण हवं तर."

"पण माती तर तीच आहे. पाणीपण जातंय."

आता हा प्रश्न एकतीस वर्षांत मला किती मुलांनी विचारला असेल? एका हाताच्या बोटांवर मोजावेत. बाकीच्यांनी 'वनस्पती आपले अन्न स्वतः तयार करतात' हे वाक्य खाली रेघ मारून लिहिलं आणि मनातून झाड मातीच खातं असं मानून पुढे डॉक्टर-इंजिनियर झाले. मी तिथेच, बाईंच्या पालथ्या बादलीवर बसलो.

मी तिला सांगितलं की झाड माती खात नाही. मातीतून ते पाणी घेतं आणि चिमूटभर क्षार. आपल्या जेवणात मीठ असतं ना, तेवढंच. कुणी नुसतं मीठ खाऊन जगतं का? खत म्हणजे ते मीठ. जेवण झाडाला स्वतः रांधावं लागतं आणि ते रांधलं जातं पानात. पानाच्या खालच्या बाजूला डोळ्यांना दिसणार नाहीत अशी बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून हवा आत जाते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी वर चढवलेलं पाणी, एवढाच शिधा. त्यातून साखर होते.

"साखर? खरीखुरी?"

"खरीखुरी. चहात घालतेस तिच्याच घराण्यातली, पण जरा साधी. आणि पाण्यातला जो ऑक्सिजन उरतो तो पान बाहेर सोडून देतं. तू आत्ता जो श्वास घेतलास तो कुठल्यातरी पानाने टाकून दिलेला आहे."

"मग ऊन कशाला लागतं?"

"चूल पेटवल्याशिवाय तुझी आई भात करते का?"

बाई इस्त्री फिरवता फिरवता हसल्या. मी पुढे म्हटलं की पाणी फोडायचं, कार्बन जोडायचा, हे फुकट होत नाही. त्याला ताकद लागते आणि ती उन्हातून येते. पानातला हिरवा रंग, हरितद्रव्य, तो उजेड पकडतो. तांबडा आणि निळा उजेड तो मुख्यतः घेतो, हिरव्यातला बराचसा परतवतो, म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं. विटेखाली उजेड नाही. उजेड नाही तर हे गवत नवं हरितद्रव्य करू शकत नाही, जुनं मोडत जातं, म्हणून ते पांढरं पडलं. आणि स्वयंपाक बंद. जवळचा साठा संपला की संपलं.

मग तिने आईच्या इस्त्रीकडे बोट दाखवलं. "हा कोळसा पण झाडाचाच ना?"

"झाडाचाच."

"म्हणजे झाडाने हवेतून घेतलेला कार्बन. आणि ही धग म्हणजे तेव्हाचं ऊन?"

मी बादलीवरून उठलो. शिक्षकाच्या आयुष्यात असं दोनदा-तीनदाच घडतं. मी म्हटलं, "हो. तुझी आई माझे शर्ट जुन्या उन्हाने इस्त्री करते." बाई म्हणाल्या, "सर, मला वाटलं मी कोळशानं करती." त्या दिवशी मी घरी गेलो तो अगदी मजेत होतो.

मग रोजचंच झालं. मी कारण नसताना कपडे टाकायला लागलो. माझ्या घरात तेव्हा उशांचे अभ्रेसुद्धा इस्त्रीचे होते. मुलगी रोज एक शंका काढून ठेवायची. रात्री झाड काय करतं? रात्री स्वयंपाक बंद, पण जगणं चालू. आपल्यासारखाच श्वास घेतं, साखर वापरतं. दिवसाही वापरतंच, पण दिवसा करतं जास्त. उरलेली साखर पानात स्टार्च करून ठेवतं, बटाट्यात असतं तसं, आणि रात्री ते मोडून परत साखर करून खाली धाडतं, खोडाला, मुळांना. मुळं अंधारात असतात, त्यांना स्वतःचं अन्न करता येत नाही. वरून येईल त्यावर जगायचं.

"आमच्या आजीसारखं," ती म्हणाली. "गावाकडं पैसे पाठवतो तसं."

मार्चमध्ये करंजाची पानं गळाली. तो गळतोच दर वर्षी. अध्यक्ष जाता-येता वर बघायचे. एप्रिलमध्ये पालवी फुटली, पोपटी, तुकतुकीत. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला, कारण मधल्या काळात उन्हाने त्यांची पाठ भाजून निघाली होती. मुलीची परीक्षा झाली. पेपरात प्रकाशसंश्लेषणावर प्रश्न होता आणि तिने पुरवणी घेऊन उत्तर लिहिलं होतं. मी म्हटलं, आता बक्षीस म्हणून प्रयोग करू.

पालवी चांगली जून झाल्यावर, एप्रिलच्या अखेरीस, एका खालच्या फांदीवरच्या पानाला आम्ही काळ्या कागदाची पट्टी लावली, दोन्ही बाजूंनी, टाचणीने. ती दोन दिवस ठेवली. तिसऱ्या दिवशी दुपारी पान तोडून माझ्या स्वयंपाकघरात आणलं. आधी उकळत्या पाण्यात बुडवलं. मग गॅस बंद करून, गरम पाण्याच्या पातेल्यात स्पिरिटची वाटी ठेवून पान त्यात टाकलं. स्पिरिट हिरवं होत गेलं आणि पान उतरलं, पांढरट, ओल्या कागदासारखं. ते धुऊन बशीत पसरलं आणि वर टिंक्चर आयोडीन. स्टार्च असेल तिथे निळंकाळं होणार, पट्टीखाली फिकट राहणार. हा प्रयोग मी डोळे मिटून करू शकतो.

पान निळंकाळं झालं. इतकं काळं मी कधी पाहिलं नव्हतं. मुलीने टाळ्या वाजवल्या. आणि मग म्हणाली, "पण पट्टीखालीपण काळं आहे."

खरंच होतं. उरलेल्या पानापेक्षा जरा कमी, पण फिकट म्हणावं असं नाहीच. दोन दिवस, दोन रात्री तिथे उजेड पोचला नव्हता. साठा उतरायला हवा होता.

"कागद नीट बसला नसेल," मी म्हटलं.

"मीच लावला होता. घट्ट होता." तिने जरा विचार केला. "तुम्ही म्हणालात रात्री खाली पाठवतं. मग पाठवलं का नाही?"

मी तिला उडवून लावलं असतं. शिक्षकांना ते छान जमतं. पण मला खुमखुमी होती. म्हटलं, चल, खाली पोचतंय की नाही ते मुळालाच विचारू. खुरपं घेतलं, करंजाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर उकरलं आणि करंगळीएवढ्या मुळाचा एक तुकडा कापला. कापलेल्या बाजूवर आयोडीनचा थेंब टाकला. तो तांबूस पिवळाच राहिला. दुसरा थेंब टाकला, तोही तसाच. दुसऱ्या बाजूने आणखी एक मूळ काढलं, त्याचीही तीच गत. मग आम्ही सोसायटीच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे एक दुसरा करंज आहे, पाण्याच्या टाकीशी. त्याच्या मुळावर थेंब टाकला आणि बघता बघता ते शाईसारखं झालं.

बाई इस्त्री ठेवून आमच्याकडे बघत होत्या. मी परत पहिल्या झाडापाशी आलो. बुंध्याला जानेवारीत लावलेला गेरू होता, वर चुन्याचा पांढरा पट्टा. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाच्या आधी आमच्याकडे झाडांना गेरू-चुना मारतात. काम माझ्याकडेच असतं, कारण निवृत्त माणसाला दुसरे उद्योग नसतात अशी सगळ्यांची समजूत आहे. मी खिशातली किल्ली काढली आणि गेरू खरवडला. खाली साल नव्हतीच. बोटाला थेट लाकूड लागलं, सुकलेलं, गुळगुळीत. मी खरवडत गोल फिरलो. वीतभर रुंदीचा पट्टा सगळ्या बुंध्याभोवती होता. वरची कड आणि खालची कड सुतारी हत्याराने मारल्यासारखी सरळ. लाकडातही अंगठ्याच्या पेरभर खोल चर मारलेला. बाई म्हणाल्या, "दिवाळीला गावास्नं आलो तवाच साल गेल्याली हुती, मला वाटलं सोसायटीनंच काढली."

जानेवारीतला तो दिवस मला जसाच्या तसा आठवला. रंगवणारा म्हणाला होता, "साहेब, इथली साल निघालीय." मी पेपर वाचत उभा होतो. हातगाडीचं ताडपत्रीचं छप्पर एका तारेने झाडाला बांधलेलं असायचं. मी म्हटलं, तार घासून निघाली असेल, दोन हात जास्त मार. वर बाईंना चार शब्द सुनावले आणि अध्यक्षांनाही सांगितलं. एवढंच नाही. त्या निघालेल्या सालीच्या खाली, जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर, हातगाडीवरून दिसणार नाही अशा पलीकडच्या बाजूला, कोंबांचा झुबका फुटला होता. मी म्हटलं, ती पिल्लं खुडून टाक, बुंधा कसा स्वच्छ दिसला पाहिजे. त्याने खुडली. मी, वनस्पतिशास्त्राचा पदवीधर, पेपर वाचत उभा होतो.

"आजोबा, काय झालं?"

मी तिला सांगितलं. म्हणजे झाडाचं सांगितलं, माझं नाही. लाकडातून पाणी वर चढतं. सालीच्या आतल्या थरातून साखर खाली उतरते. कुणीतरी साल गोल काढली, लाकूड ठेवलं. म्हणून पाणी चढतंय, पानं हिरवी आहेत, ऊन पडतंय, स्वयंपाक चालू आहे. फक्त खालच्यांना पोचत नाही. मुळं सहा-सात महिने आपला साठा खात होती. तो संपला. आता नवी मुळं फुटणार नाहीत, मग पाणी चढणार नाही, मग पानं जातील.

"म्हणजे वर एवढं जेवण आहे आणि खाली उपास?"

"हो."

"मग ऊन पडून काय उपयोग?"

बाई पुढे आल्या. "सर, वाचंल न्हवं? मी रोज दोन बादल्या घालती."

"पाण्याने नाही वाचायचं हो," मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. त्या तिसरी बादली घालायला लागल्या.

अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, हे कुणीतरी मुद्दाम केलंय. ते शांतपणे म्हणाले, "सर, तारेने साल घासली हे तुम्हीच जानेवारीत सांगितलंत. मी तशी नोंद ठेवली आहे." मी म्हटलं, तार असा सरळ पट्टा काढत नाही. ते म्हणाले, "त्या वेळी तुम्ही बघितलं होतं ना? मग तेव्हा का नाही बोललात?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या, पण चोर कोण ते मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. मी चहा घेऊन परत आलो. होय, चहासुद्धा घेतला.

सभासदांना पुळका आला. कुणी शेणखताचं पोतं आणून टाकलं, कुणी युरिया. मी जिन्यात उभा राहून ओरडलो की अहो, उपाशी माणसाला मीठ काय चारताय? लोकांनी मान हलवली आणि युरिया टाकला. नर्सरीवाल्या एका ओळखीच्याला दाखवलं. त्याने सांगितलं, खालची आणि वरची साल जोडायला मध्ये काड्यांची कलमं बसवता येतात, पण वेळेवर, आणि मुळात जीव असताना. बैल गेल्यावर झोपा करून काय होणार.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी धावत माझ्या दारात आली. पट्ट्याच्या खाली एक कोंब आला होता. हातगाडीच्या मागच्या बाजूला, चाकाच्या आडोशाला. दोन इवली पानं, फिकी.

"हा पट्ट्याच्या खाली आहे," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणजे ह्याचं जेवण मुळांना पोचेल. मध्ये काहीच आडवं नाही."

एवढं बरोबर मी स्वतः मांडलं नसतं. मी म्हटलं, "पोचेल. पण तो गडद सावलीत आहे. सावलीत पान जेवढं कमावतं तेवढं स्वतःच खाऊन टाकतं, उरत काही नाही. त्याला ऊन हवं." आणि हे बोलल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय बोललो.

बाईंनी दुसऱ्या दिवशी हातगाडी हलवली. करंजाच्या सावलीतून बाहेर, फाटकापाशी, उघड्यावर. ताडपत्रीही काढली, तिची सावली कोंबावर पडायची म्हणून. मे महिना, कोळशाची इस्त्री आणि डोक्यावर नुसता पदर. मी म्हटलं, अहो, एका कोंबाने एवढ्या झाडाचं पोट भरत नाही. दोन पानांनी किती रांधायचं? त्या म्हणाल्या, "सर, तुम्हीच म्हणला ऊन पायजे." मुलगी आरसा घेऊन बसायची, घरातला छोटा, आणि करंजाच्या फांद्यांतून चुकून आलेलं ऊन कोंबावर पाडायची. दुपारभर. हात अवघडला की हात बदलायची. मी तिला थांबवलं नाही. मला हिशेब माहीत होता, तरी मी रोज सकाळी आधी तो कोंब बघायला जायचो. चार पानं झाली. पाचवं अर्धवट उलगडलं आणि तिथेच थांबलं. मग कडा तपकिरी झाल्या आणि तो गळाला. त्याला वाढवायला मुळांपाशी काही उरलंच नव्हतं. मुलीने गळालेली पानं वहीत ठेवली नाहीत की काही नाही, तिने ती झाडून टाकली.

जूनच्या सुरुवातीला करंजाच्या शेंड्याची पानं मलूल झाली. पंधरा दिवसांत सगळं झाड कडक, खडखडीत. एक फांदी पडली, कुणाला लागली नाही. अध्यक्षांनी अर्ज तयार केला, 'झाड नैसर्गिकरीत्या वाळले असून धोकादायक झाले आहे'. उद्यान विभागाला जाणकाराची सही असली तर बरं, म्हणून कागद माझ्याकडे आला. मी 'नैसर्गिकरीत्या' खोडलं. ते म्हणाले, मग अर्ज अडेल, फांद्या पडत राहतील, आणि त्या बाई खालीच असतात. कोंब गेल्यावर बाई परत झाडाखाली आल्या होत्या, सवयीने. वाळलेलं झाड खरोखरच धोकादायक असतं. मी खाडाखोड नसलेला नवा कागद घेतला आणि सही केली.

झाड एका सकाळी तोडलं. शनिवारी पेव्हिंग ब्लॉक बसवायचं ठरलं आणि बाईंना जागा सोडायची नोटीस मिळाली. त्यात तारेचा उल्लेख होता. बाईंनी माझ्याकडून वाचून घेतली. "तार मी कवाच सोडली हुती," एवढंच म्हणाल्या.

शुक्रवारी त्या हातगाडी आवरत होत्या. मुलगी बुंध्याच्या खुंटावर बसली होती. आता तिथे लख्ख ऊन होतं. मी खाली आलो, कारण माझे शर्ट त्यांच्याकडे राहिले होते, आणि कारण तोंड चुकवून किती दिवस राहणार.

मुलगी म्हणाली, "आजोबा, मी एक गोष्ट विचार करून काढली."

"काय?"

"साल दिवाळीच्या सुमाराला काढली असणार. तेव्हा मुळात साठा भरपूर होता. मग कोंब तेव्हाच यायला पाहिजे होते, पुष्कळ. आणि तेव्हा थंडी होती, ऊन तिरपं होतं, दक्षिणेकडून थेट बुंध्यावर पडायचं, मला माहीत आहे, आई तेव्हा गाडी फिरवून लावते. म्हणजे कोंबांना ऊनही मिळालं असतं. एक मेला तरी बाकीच्यांनी मुळांना जगवलं असतं. झाड खालून परत आलं असतं. तर मग एकही कोंब का नाही आला?"

अगदी बरोबर होतं. एकही पायरी चुकली नव्हती. वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी पुढच्या वर्गांना उदाहरण म्हणून सांगितलं असतं.

"आले होते," मी म्हटलं. "जानेवारीत. झुबकाभर. मी खुडायला लावले. गेरू मारायचा होता."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गणिताचा ताळा जुळल्यावर मूल बघतं तसं पाहिलं आणि मान खाली घातली. बाईंचे हात थांबले होते. मी सांगत राहिलो, तारेचंही मीच म्हणालो होतो, अध्यक्षांना मीच सांगितलं, एप्रिलमध्ये मला सगळं कळलं होतं आणि मी बोललो नाही. फार बोललो. माफी मागितली की नाही ते मला नीट आठवत नाही, मागितली असावी.

बाईंनी ऐकून घेतलं. "सर, तुम्ही बोलला त्याच दिवशी मी तार सोडून दुसरीकडं बांधली हुती," त्या म्हणाल्या. त्यांना कोंबाचं कळलं नसेल, किंवा कळूनही त्या एवढंच बोलल्या असतील. मग त्यांनी गठ्ठा सोडला, त्यातून माझे दोन शर्ट शोधून बाहेर काढले, बिनइस्त्रीचे, चुरगळलेले, आणि घडी घालून माझ्या हातात दिले. मुलीने हातगाडीच्या चाकाची वीट काढली आणि दोघी फाटकातून बाहेर गेल्या.